पिठाच्या ब्रँडचा बॅनर: मळणारे हात आणि फुगलेला फुलका यांचा फोटो घरच्या घरी कसा काढायचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पिठाच्या पाकिटाची किंमत कशी ठरवायची ते बघितलं. आता पुढची पायरी, दुकानाबाहेरचा बॅनर. पीठ विकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला बॅनरवर दोन गोष्टी हव्या असतात: कणीक मळणारे हात आणि गॅसवर टम्म फुगलेला फुलका. कल्पना चांगलीच आहे. पिठाकडे नुसतं बघून काही कळत नाही, पांढरट भुकटी ती. हात दिसले की काम दिसतं, फुलका दिसला की जेवण दिसतं.

अडचण अशी की बहुतेक जण हा फोटो नेटवरून उचलतात. एक तर तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो, परवानगीशिवाय वापरता येत नाही. दुसरं म्हणजे तोच फोटो पलीकडच्या गावातल्या गिरणीच्या बॅनरवरही झळकत असतो. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: त्या फोटोतलं पीठ तुमचं नसतं. संगमरवरी ओट्यावर पांढऱ्याशुभ्र मैद्याचा गोळा, त्यावर गोरे गोरे हात. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला एका नजरेत कळतं की ही चपातीची कणीक नाही. मग तुम्ही खाली "चक्की आटा" लिहिलं तरी फोटो म्हणतो मैदा.

म्हणून आज तुमच्याच पिठाचा, तुमच्याच फोनने, एका सकाळीत हा फोटो कसा काढायचा ते सविस्तर बघू. उदाहरण एकच धरू म्हणजे गोंधळ होणार नाही. समजा, तुम्ही लोकवन गव्हाचं पीठ ५ किलोच्या पाकिटात विकता आणि दुकानाबाहेर ६ फूट रुंद, ३ फूट उंच फ्लेक्स लावायचा आहे.

## आधी हे ठरवा: पीठ कुठलं, भाकरी की फुलका?

गव्हाचं पीठ असेल तर मळणं, लाटणं आणि फुलका हे चित्र बरोबर. पण ज्वारीचं किंवा बाजरीचं पीठ विकत असाल तर चित्र बदलायला हवं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा, म्हणजे ग्लूटेन, नसतं. ते पीठ गरम पाण्यात मळतात आणि भाकरी लाटत नाहीत, थापतात. त्यामुळे तिथे हात थापताना दिसले पाहिजेत, परातीत भुरभुरलेलं पीठ दिसलं पाहिजे. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून फिरवलेला पाण्याचा हात हाही सुंदर क्षण आहे. ज्वारीच्या पाकिटावर लाटलेला फुलका छापला तर घरात रोज भाकरी करणारी बाई हसेल आणि पाकीट खाली ठेवेल. आपलं उदाहरण गव्हाचं आहे, म्हणून फुलक्यावर पुढे जाऊ.

## फुलका का फुगतो हे माहीत असेल तरच फोटो मिळतो

कणकेत पाणी असतं. तव्यावर दोन्ही बाजू शेकल्या की वर आणि खाली एकेक पातळ पापुद्रा धरतो. आत पाणी शिल्लक असतं. ज्योतीवर ठेवल्याबरोबर त्या पाण्याची झपाट्याने वाफ होते आणि वाफ दोन पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलते. गव्हातलं ग्लूटेन ताणलं जातं, फाटत नाही, म्हणून फुगा होतो. ज्योतीवरून काढला, वाफ निवली की काही सेकंदांत तो बसतो.

म्हणजे तुमच्या हातात जेमतेम चार-पाच सेकंद आहेत. त्यासाठी फुलका हमखास फुगायला हवा. न फुगण्याची कारणं बघितली तर ती फोटोच्या आदल्या दिवशीच सुधारता येतात.

फुलक्याला बारीक भोक असेल किंवा लाटताना घडी पडली असेल तर वाफ तिथून निघून जाते. कान देऊन ऐका, बारीक फुस्स आवाज येतो आणि त्या जागी वाफेची रेघ दिसते. चिमट्याचं टोक टोकदार असेल तर ते भोक आपणच पाडलेलं असतं. अर्धाच फुलका फुगला आणि अर्धा सपाट राहिला तर लाटणं एकसारखं झालेलं नाही, बहुतेक मध्ये पातळ आणि कडेला जाड. आणि फुलका कडक होऊन पापडासारखा झाला तर तो तव्यावरच जास्त वेळ राहिला, किंवा तवा पुरेसा तापलेला नव्हता. दोन्हीमध्ये आतलं पाणी हळूहळू उडून जातं, मग वाफ करायला काही उरत नाही.

पहिली बाजू तव्यावर थोडाच वेळ ठेवायची. रंग बदलून बारीक बारीक फोड दिसले की उलटायचा. दुसरी बाजू थोडी जास्त शेकायची, हलके डाग पडेपर्यंत. मग चिमट्याने उचलून पहिली बाजू खाली करून ज्योतीवर.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे समजून घ्या. फुलका फुगणं हे जितकं पिठावर अवलंबून आहे, तितकंच किंवा थोडं जास्तच लाटणाऱ्या हातावर आहे. त्यामुळे "आमच्या पिठाचा प्रत्येक फुलका फुगणारच" असं बॅनरवर लिहू नका. ज्या घरी फुगला नाही, त्या घरात तुमचं पीठ खोटं ठरेल.

## कणकेचं माप

अर्धा किलो पीठ घ्या. दुसरं कुठलं नाही, तुमच्याच पाकिटातलं, आणि ताज्या दळणाचं. चक्कीवर दळलेलं पीठ मैद्यापेक्षा जास्त पाणी पितं. साधारण ३२५ ते ३५० मिली पाणी लागेल. एकदम ओतू नका, शेवटचं अर्धी वाटी पाणी हाताला अंदाज घेत घाला. एकूण सव्वाआठशे ते साडेआठशे ग्रॅम कणीक होईल.

अर्धा किलोच का? कारण दोन फुलक्यांची कणीक परातीत केविलवाणी दिसते. हातात भरपूर गोळा असला की घरात पाचसहा माणसं जेवणार आहेत असं वाटतं. फोटो झाला की याच कणकेचे फुलके होतील, काही वाया जाणार नाही.

याच क्रमाने काम करा: आधी हातांचा फोटो, मग कणीक ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवायची, त्या अर्ध्या तासात गॅसजवळची मांडणी करायची आणि शेवटी फुलका. मुरलेली कणीक लाटायला सोपी जाते, मागे खेचली जात नाही, म्हणून फुलका एकसारखा लाटला जातो. मुरवण्याची वेळ आणि मांडणीची वेळ एकच, म्हणजे सकाळ वाचते.

## पहिला फोटो: हात

वेळ सकाळी नऊ ते अकरा, खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी. परात अशी ठेवा की खिडकी डाव्या हाताला येईल. घरातले सगळे दिवे बंद करा. खिडकीचा उजेड थोडा निळसर असतो, पिवळा बल्ब पिवळा असतो. दोन्ही एकत्र आले की हाताची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी दिसते आणि कणीक मातकट होते. ही चूक नंतर कुठल्याही ॲपमध्ये नीट सुधारत नाही.

परात स्टीलची असेल तर ती आरशासारखी चमकते आणि त्यात खिडकी दिसते, कधी तुमचा फोनही दिसतो. पितळेची जुनी परात किंवा लाकडी काठवट असेल तर ती वापरा. स्टीलचीच असेल तर ती थोडी फिरवून आणि तिरकी करून चमक जाईल अशी जागा शोधा.

हात कुणाचे? ज्यांना रोज कणीक मळायची सवय आहे, त्यांचे. नवख्या माणसाची बोटं कणकेला चिमटत राहतात. सवयीचा माणूस मूठ वापरतो, अंगाचा भार देतो, आणि हे फोटोत लगेच कळतं. नखं कापलेली, नेलपॉलिश नाही, अंगठ्या काढलेल्या. बांगड्यांचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. चित्र घरच्या स्वयंपाकघराचं असेल तर दोन-चार काचेच्या बांगड्या छान दिसतात. पण तुम्ही गिरणीतलं किंवा कारखान्यातलं काम दाखवत असाल तर बांगड्या नकोत, कारण तिथे अन्न हाताळणाऱ्यांनी दागिने घालू नयेत हा स्वच्छतेचा नियम आहे. जाणकार गिऱ्हाईक ते बघतं.

आता क्षण कुठला? मळण्याचे तीन टप्पे असतात. सुरुवातीला पीठ आणि पाणी एकत्र होताना बोटांना चिकटा लागतो. हा टप्पा फोटोत घाण दिसतो. मधल्या टप्प्यात गोळा खडबडीत असतो. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे कणीक चांगली तिंबून झाल्यावर, गोळा गुळगुळीत होतो, हात जवळजवळ स्वच्छ असतात आणि मुठीने दाबल्यावर खळगा राहतो. आपल्याला हाच टप्पा हवा. दोन-चार थेंब तेलाचा हात फिरवला की कणकेवर हलकी तकाकी येते. परातीच्या कडेला थोडं कोरडं पीठ राहू द्या, ते "पीठ" सांगतं. नाहीतर नुसता गोळा बघून लोकांना माती वाटू शकते, हे गमतीने सांगत नाहीये.

फोन परातीच्या वर पण थोडा तिरका, साधारण ४५ अंशांत, दोन फूट लांब. जवळ जाऊन रुंद लेन्सने काढलात तर पुढचा हात राक्षसासारखा मोठा दिसतो. त्याऐवजी लांबून 2x वर काढा. स्क्रीनवर बोटांच्या सांध्यांवर टॅप करून बोट दाबून धरा, AE/AF Lock दिसलं की फोकस आणि उजेड तिथेच राहतो. मळणाऱ्या ताईंना म्हणा, थांबू नका, मळत राहा, फक्त थोडं सावकाश. थांबवलेला हात थांबवलेलाच दिसतो. तीस-चाळीस फोटो काढा, त्यातला एक मिळेल.

## दुसरा फोटो: फुलका

इथे दोन माणसं लागतात. एक तव्याजवळ, एक फोनजवळ. एकट्याने दोन्ही केलं तर फुलका जळतो किंवा फोटो हुकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरून फोटो काढणं. वरून बघितलं तर फुगलेला फुलका आणि सपाट फुलका दोन्ही गोलच दिसतात. फुगवटा बाजूनेच दिसतो. म्हणून फोन ज्योतीच्या पातळीपेक्षा फक्त किंचित वर हवा, म्हणजे फुलक्याची वरची गोलाई आणि खालची ज्योत दोन्ही एका चौकटीत येतील. फोन स्टँडवर, गॅसपासून अडीच-तीन फूट लांब, 2x वर. यापेक्षा जवळ आणलात तर लेन्सवर वाफ बसते आणि फोन तापतो.

फुलका लहान ठेवा. २५ ग्रॅमचा गोळा, लाटून साधारण पाच इंच. नेहमीची मोठी पोळी सगळा बर्नर झाकून टाकते आणि ज्योत दिसतच नाही. बर्नरवर फुलका भाजायची तारेची जाळी ठेवली तर फुलका थोडा वर राहतो आणि खाली निळी ज्योत मोकळी दिसते. ज्योत मध्यम-मोठी. फार मोठी केलीत तर ती बाजूने वर येऊन कडा काळ्या करते.

ज्योत निळीच हवी. पिवळी येत असेल तर बर्नरची भोकं बुजली आहेत, आदल्या रात्री घासून वाळवून ठेवा. फुलक्यावरची जास्तीची पिठी ज्योतीवर नेण्याआधी झटकून टाका. नाहीतर ती जळून पिवळ्या ठिणग्या उडतात आणि फुलक्यावर काळे ठिपके पडतात. पंखा बंद, खिडकीतून वारा येत असेल तर एक झडप लोटून घ्या.

निळी ज्योत मुळात मंद असते. मागे पांढऱ्या टाइल्स असतील आणि भरपूर उजेड असेल तर फोटोत ज्योत नाहीशी होते, फुलका जाळीवर नुसताच बसलाय असं वाटतं. म्हणून मागे दोन फुटांवर गडद रंगाचा प्लायचा तुकडा किंवा मोठा काळपट लोखंडी ट्रे उभा करा. कापड किंवा थर्माकोल गॅसजवळ अजिबात नको. खिडकी याही फोटोत डाव्या बाजूलाच ठेवा. हे लक्षात ठेवा: बॅनरवर दोन्ही फोटो शेजारी येणार आहेत. एकात सावली उजवीकडे आणि दुसऱ्यात डावीकडे पडली तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी जोडलेलं आहे असं वाटतं.

आता फोटो काढण्यापेक्षा व्हिडिओ घ्या. फोनमध्ये 4K निवडा. फुलका तव्यावर असतानाच रेकॉर्डिंग सुरू करा आणि तो ज्योतीवर फुगून पुन्हा बसेपर्यंत चालू ठेवा. नंतर व्हिडिओ थांबवत थांबवत सगळ्यात टम्म क्षण शोधा आणि ती एक चौकट फोटो म्हणून सेव्ह करा. फोकस आणि उजेड आधीच लॉक करा. त्यासाठी पहिला फुलका फक्त मापासाठी वापरा: तो जाळीवर ठेवून त्यावर टॅप करा, लॉक करा, आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. फुलका किंचित गडद आला तरी चालेल, नंतर उजळता येतो. पांढराफटक पडलेला फुलका परत आणता येत नाही.

दहा-बारा गोळे तयार ठेवा. सगळे सुंदर फुगतील असं नाही, आणि फुगले तरी चिमटा आडवा येईल, वाफेने धूसर होईल. दहा-बारात एक नक्की मिळतो.

निवडताना कुठला घ्यायचा? पूर्ण गोल फुगलेला, पण अंगावर चार-सहा तपकिरी डाग असलेला. डाग महत्त्वाचे आहेत. बिनडागाचा, सोनेरी, एकसारखा फुगलेला फुलका लांबून पुरी दिसतो! घरातल्या तिघांना न सांगता फोटो दाखवा आणि विचारा, "हे काय आहे?" एकाने जरी पुरी किंवा भटुरा म्हटलं तर दुसरी चौकट घ्या. काळे, जळके डाग मात्र नकोत.

एक सुरक्षेची गोष्ट, ही मनापासून वाचा. व्हिडिओंमध्ये हात झटकून हवेत पिठाचा ढग उडवतात, तो प्रकार पेटत्या गॅसजवळ कधीही करू नका. हवेत पसरलेलं बारीक पीठ भडका घेतं. गिरणीवाल्यांना हे माहीत असतंच. तो ढग हवाच असेल तर हातांच्या फोटोच्या वेळी घ्या, गॅस पूर्ण बंद असताना. पदर आणि ओढणी खोचून घ्या. फोन स्टँडची वायर गॅसवरून जाऊ देऊ नका.

## रंग: इथे विश्वास बसतो किंवा उडतो

फोटो सुधारताना हात सगळ्यात आधी "ब्राइटनेस" कडे जातो. थोडा उजेड वाढवणं ठीक आहे, कापाकापी ठीक आहे, ओट्यावरचा कचरा पुसणं ठीक आहे. पण कणीक पांढरी करू नका. चक्कीच्या पिठात कोंड्याचा अंश असतो, म्हणून कणीक मळकट पिवळसर, थोडी तपकिरी झाक असलेली असते. तीच त्याची ओळख आहे. ती पांढरी केलीत की दोन तोटे होतात. जे गिऱ्हाईक कोंड्याचं पीठ शोधतंय ते तुमच्याकडे येत नाही. आणि जे पांढरं पीठ समजून घेऊन जातं, ते घरी गेल्यावर म्हणतं, "फोटोत वेगळं होतं."

तपासायची सोपी रीत: पांढऱ्या कागदावर तुमचं मूठभर पीठ आणि मळलेला एक छोटा गोळा ठेवा, दिवसाच्या उजेडात. शेजारी फोन धरा. स्क्रीनवरची कणीक आणि समोरची कणीक सारखी दिसते का? नसेल तर दिसेपर्यंत रंग बदला. तेवढंच.

## बॅनरवर मांडणी, आकड्यांसह

आपला फ्लेक्स ६ × ३ फूट, म्हणजे ७२ × ३६ इंच. दोन्ही फोटो अर्धे अर्धे ठेवले तर नजर कुठेच थांबत नाही. फुलका मोठा, हात लहान. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून डावीकडे हात आणि उजवीकडे फुलका: आधी काम, मग फळ.

उजवीकडचा ६० टक्के भाग, म्हणजे साधारण ४३ इंच रुंद आणि ३६ इंच उंच, फुलक्याला. डावीकडच्या २९ इंचांत वरच्या अर्ध्यात नाव, खालच्या अर्ध्यात हात. फुलक्यामागची गडद जागा मोकळी आहे, तिथे खालच्या कोपऱ्यात ५ किलोच्या पाकिटाचा फोटो टाका, साधारण फूटभर उंच. पाकीट विसरू नका. दुकानात गिऱ्हाईक फुलका शोधत नाही, पाकीट शोधतं.

"फोनचा फोटो एवढा मोठा फाटणार नाही का?" हिशोब करून बघू. 4K चौकट ३८४० × २१६० ठिपक्यांची असते. आपली जागा ४३ × ३६ इंच आहे. पूर्ण उंची घेतली तर २१६० भागिले ३६, म्हणजे इंचाला ६० ठिपके. पाच-सहा फुटांवरून बघायच्या बॅनरला एवढे पुरतात, कारण तेवढ्या अंतरावरून डोळ्याला याहून बारीक ठिपके वेगळे दिसत नाहीत. पण हीच चौकट काउंटरवरच्या स्टँडीवर दोन-अडीच फूट रुंद करून लावली, जिथे गिऱ्हाईक हातभर अंतरावर उभं असतं, तर ती धूसर दिसेल. काउंटरसाठी याच चौकटीचा A3 पोस्टर करा, तो स्वच्छ येतो.

नावाची अक्षरं किती मोठी? लांबून वाचण्यासाठी ढोबळ नियम असा की दर दहा फुटांमागे एक इंच उंची. रस्त्याची पलीकडची बाजू ३० फुटांवर असेल तर किमान ३ इंच. आपल्या लिपीत वर वेलांटी आणि खाली उकार येतो, त्यामुळे मूळ अक्षर लहान होतं. म्हणून दुप्पट, ६ इंच धरा. फ्लेक्सच्या चारही कडांना रिंगा मारतात आणि कडा दुमडतात, म्हणून कडेपासून ३ इंच कुठलंही अक्षर नको.

छपाईवाल्याला फाइल व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून नाही, "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि वरचा सगळा हिशोब वाया जातो. आणखी एक, स्क्रीनवरची चमकदार निळी ज्योत शाईत तेवढी चमकत नाही, थोडी मेलेली येते. म्हणून पूर्ण फ्लेक्स छापण्याआधी ज्योत आणि कणीक असलेला फूटभर तुकडा नमुना म्हणून छापून मागा. तो बाहेर उन्हात नेऊन बघा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही. बॅनर उन्हातच लागणार आहे.

## शब्द जपून

फोटो खरा काढल्यावर शब्दांनी खोटं बोलू नका. अन्नपदार्थांच्या जाहिरातींना अन्न सुरक्षा व मानके (जाहिरात आणि दावे) विनियम, २०१८ लागू आहेत. जाहिरात खरी असावी, दिशाभूल करणारी नसावी, हा त्यांचा गाभा. "नैसर्गिक", "ताजं", "पारंपरिक", "अस्सल" अशा शब्दांना तिथे अटी आहेत, आवडला म्हणून शब्द छापता येत नाही. मे २०२५ मध्ये एफएसएसएआयने "१००%" हा शब्द लेबल आणि जाहिरातीत वापरू नका असंही कळवलं आहे. मग "१००% शुद्ध" काढून काय लिहायचं? जे दाखवता येतं ते. "लोकवन गव्हाचं चक्की पीठ, ५ किलो." दर आठवड्याला दळत असाल तर "दर आठवड्याचं दळण" लिहा आणि पाकिटावर तारीख तशीच येऊ द्या. फुलका बाकीचं बोलतो.

## या आठवड्याचं काम

बॅनरची घाई नाही. या आठवड्यात फक्त एवढं करा: तुमच्याच पिठाचे बारा गोळे, एक जाळी, मागे एक गडद फळी, आणि 4K व्हिडिओ. त्यातली एक चौकट काढून तिघांना दाखवा आणि "हे काय आहे?" विचारा. तिघांनीही "फुलका" म्हटलं, आणि शेजारी ठेवलेल्या कणकेशी रंग जुळला, की पुढच्या भागात आपण त्याच चौकटीवर पाकिटाचं डिझाइन बसवू.

भेटू पुढच्या व्हिडिओत.